आठशे तासांची शाळा

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्त कार्यालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या जवळपासच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' उभारता येतील का, अशी ती विचारणा होती. राज्यात अशा शाळा तेव्हा १४ हजारांहून अधिक होत्या. एवढ्या कमी मुलांमध्ये सवंगडी मिळत नाहीत, खेळ रंगत नाहीत, शिक्षक आणि साधने विखुरली जातात, अशी त्यामागची मांडणी होती. विरोध करणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवले. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असे त्या कायद्याखालचे नियम सांगतात.

हा वाद मी पुष्कळ वाचला आणि ऐकला. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे मुलांच्या कळवळ्यानेच बोलत होती. तरी ती एकमेकांना भेटत नव्हती. एक जण खर्चाबद्दल बोलत होता, दुसरा निकालाबद्दल, तिसरा गावाच्या जीवनाबद्दल. आणि प्रत्येकाला वाटत होते की शाळा म्हणजे आपण बोलतो आहोत तेवढेच. शाळा टिकण्यासाठी नेमके काय काय घडावे लागते, याचा पुरा हिशेब कुणाच्याच हाती नव्हता. असा हिशेब मांडण्याची एक रीत समाजशास्त्रात सत्तर वर्षांपासून आहे. टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाची ती मांडणी आपल्याकडे पदवीच्या परीक्षेत चार मुद्दे लिहून सोडून दिली जाते. ती एका खऱ्याखुऱ्या शाळेवर घासून पाहिली पाहिजे.

पार्सन्स हार्वर्ड विद्यापीठात शिकवत. १९५१ मध्ये त्यांचा 'द सोशल सिस्टिम' हा ग्रंथ आला. त्याच सुमारास त्यांचे सहकारी रॉबर्ट बेल्स छोट्या गटांचा अभ्यास करत होते. चार-सहा माणसांना एखादा प्रश्न सोडवायला बसवायचे आणि कोण काय बोलले, कुणी मान्य केले, कुणी विरोध केला, कोण हसले, याची बारकाईने नोंद ठेवायची. त्या नोंदींतून बेल्स यांना एक हेलकावा दिसला. गट कामाला जुंपला, मते आणि सूचना यायला लागल्या की माणसांमधला ताण वाढतो. मग कुणीतरी विनोद करतो, कुणी रुसलेल्याला समजावतो, नाती सावरली जातात. आणि सावरण्यात फार वेळ गेला की काम मागे पडते. काम आणि नाती दोन्ही हवीत, पण दोन्हींना वेळ त्याच एका बैठकीतून द्यावा लागतो. १९५३ मध्ये पार्सन्स, बेल्स आणि एडवर्ड शिल्स यांनी मिळून जे पुस्तक लिहिले त्यात ही निरीक्षणे पार्सन्स यांच्या सिद्धान्ताला जोडली गेली, आणि चार गरजांचा आराखडा तयार झाला.

आराखडा असा. कोणत्याही सामाजिक व्यवस्थेला, मग ते कुटुंब असो, कारखाना असो की राष्ट्र, टिकायचे असेल तर चार गोष्टी भागवाव्या लागतात. बाहेरच्या परिस्थितीतून साधने मिळवायची आणि त्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचे, हे अनुकूलन. काय साधायचे ते ठरवून सगळ्यांची शक्ती तिकडे लावायची, ही ध्येयप्राप्ती. आतल्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवायचे, भांडणे सोडवायची, हे एकात्मीकरण. आणि हे सगळे कशासाठी करायचे याची समज व ओढ माणसांच्या मनात जिवंत ठेवायची, ती पुढच्या पिढीत रुजवायची, मनावरचा ताण हलका करायचा, हे आकृतिबंधाचे जतन. पहिल्या दोन गरजांचे तोंड बाहेर आहे, पुढच्या दोन्हींचे आत. आणखी एक भेद आहे. अनुकूलन आणि जतन ही पुढच्यासाठीची बेगमी असते. ध्येय गाठणे आणि माणसे सांधणे हे मात्र आजच्या आज व्हावे लागते.

आता शाळेकडे येऊ. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. भोवती काळी जमीन. कपाशी, तूर, सोयाबीन, कुठे संत्र्याचे बगिचे. या पट्ट्यातल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा असते आणि तिला दोन शिक्षक असतात. पुढे जी शाळा मी सांगणार आहे ती कोण्या एका गावाची नाही. अशा शाळांमध्ये जे सर्रास दिसते ते एकत्र करून ती उभी केली आहे. पट २८. एक गुरुजी, एक मॅडम. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, तेव्हा कागदावर सगळे ठीक आहे.

या शाळेचे खरे भांडवल म्हणजे वेळ. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. पण मॅडमकडे पहिली आणि दुसरी, गुरुजींकडे तिसरी आणि चौथी. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी लिहायला देऊन बसवावे लागते. तेव्हा प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षक समोर असण्याचे दोन तास येतात. चारही गरजा भागवायच्या त्या याच वेळातून आणि याच दोन माणसांकडून.

अनुकूलनापासून सुरू करू, कारण ते सगळ्यात आधी दिसते आणि सगळ्यात जास्त खाते. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटाकडे उघडते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची होते. हे जुळवून घेणे शासनाने मान्यच केले आहे. पण सोयाबीनची सोंगणी निघाली, मग कापसाची वेचणी लागली की घरातली सगळी मोठी माणसे वावरात जातात. तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला घेऊन घरी थांबते, किंवा दोघेही आईबरोबर धुऱ्यावर बसतात. हजेरीपत्रकात हे आठवडे लगेच ओळखू येतात. हुशार शिक्षक तेव्हा नवा धडा घेत नाही, उजळणी घेतो. आणि त्या धाकट्या भावालाही वर्गात बसू देतो, कारण तो आला तरच बहीण येणार असते. नियमात हे कुठेच लिहिलेले नाही. अनुकूलन म्हणतात ते हेच.

साधने मिळवणेही त्यातच येते. दुपारच्या आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, म्हणजे २८ मुलांना रोज २ किलो ८०० ग्रॅम तांदूळ. तो वेळेवर आला पाहिजे, कोरडा राहिला पाहिजे, किती शिजला याची नोंद मोबाइलवर गेली पाहिजे. विजेचे बिल, पाण्याची टाकी, गळणारे छत, गणवेशाचा हिशेब, यू-डायसची माहिती, आधारची जुळणी. मोठ्या विद्यालयात यासाठी लिपिक असतो, शिपाई असतो. पार्सन्स म्हणत की व्यवस्था मोठी होत जाते तशी वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी अंगे फुटतात. दोनशिक्षकी शाळेला अंगे फुटतच नाहीत. जो माणूस तांदळाची नोंद करतो तोच हातचा धरून वजाबाकी शिकवतो, आणि एक काम चालू असताना दुसरे थांबलेले असते.

ध्येयाबद्दल फार लिहायला नको, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने एक गोष्ट चांगली केली: तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आले पाहिजे आणि साधे गणित करता आले पाहिजे, असे ध्येय स्पष्ट शब्दांत ठेवले. पण ध्येय लिहून दिले म्हणजे ध्येयप्राप्तीची गरज भागत नाही. पार्सन्स यांच्या लेखी त्यात निवडही येते. अनेक ध्येयांमधून आज कोणते पुढे आणि कोणते मागे, हे कुणीतरी ठरवावे लागते. आमच्या शाळेत शिष्यवृत्तीसारख्या स्पर्धा परीक्षांची तयारी करण्याजोगी दोनच मुले आहेत. ती चमकली तर शाळेचे नाव होईल, पालक खूश होतील, पुढच्या वर्षी पट वाढेल. म्हणून गुरुजी शेवटचा तास त्या दोघांना देतात. तिसरीतल्या ज्या चार मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्यांचा तो तास असतो. दोन्ही ध्येये चांगली आहेत, पण तास एकच आहे. गुरुजींची यात चूक आहे असे मी म्हणणार नाही. शाळेने कधी बसून ठरवलेच नाही, हा दोष मात्र आहे. ठरवले नाही की जे ध्येय बाहेरून दिसते तेच जिंकते.

एकात्मीकरण पाहायचे असेल तर दुपारी दीडच्या सुमारास जावे. व्हरांड्यात दोन पंगती समोरासमोर बसतात. स्वयंपाक करणाऱ्या बाई, ज्यांना मुले मावशी म्हणतात, पातेले फरशीवरून सरकवत पुढे जातात आणि डावाने खिचडी वाढतात. मॅडम मुलांच्या मागून फिरत असतात. कुणाच्या ताटात शेंगदाणे आले नाहीत यावर कुरबूर होते. पहिलीतला एक मुलगा भाताकडे बघत नुसता बसला आहे; चौथीतली मुलगी त्याच्या ताटातला गरम घास बोटांनी पसरून निववते आणि म्हणते, "खाय ना बे, थंडा झाला." ती त्याची बहीण नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. या दोन टोकांची मोठी माणसे एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत.

पाहुण्याने इथे तीन गोष्टी बघाव्यात. मुले वर्गवार बसतात की वस्तीवार? ताटे सारखी आहेत की काहींनी घरून डबा आणला आहे? आणि शिजवणाऱ्या बाई कोणत्या समाजाच्या आहेत यावरून पूर्वी कधी वाद झाला होता का, झाला असेल तर कसा मिटला? कोणत्याही तपासणी अर्जापेक्षा या तीन उत्तरांतून शाळेची आतली बांधणी जास्त कळते. जेथे मुले वस्तीवार बसतात, तेथे वर्गातही गट वस्तीवार पडलेले आढळतात आणि शेजारच्याला अडलेले गणित समजावून सांगणे त्या रेषेपलीकडे जात नाही. दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतात तेव्हा मुलांनी मुलांना शिकवणे हाच मोठा आधार असतो. तो तुटला की प्रत्येक वर्गाचे ते दोन तास आणखी अपुरे पडतात. पंगतीतला भेद असा गणितापर्यंत पोचतो.

एकात्मीकरणाची दुसरी बाजू मोठ्यांची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. सभेची वही बघावी. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी, घरोघर जाऊन घेतलेल्या असतील तर समिती फक्त कागदावर आहे. आणि दोन शिक्षकांचे आपसात पटत नसेल तर दोनशिक्षकी शाळेत तिसरे माणूस नसते, जे मध्ये पडेल. मोठ्या शाळेत असे भांडण शिक्षकांच्या खोलीत राहते. इथे ते पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी यांच्यामध्ये भिंत होऊन उभे राहते.

चौथी गरज सगळ्यात अवघड, कारण ती भागते तेव्हा दिसत नाही. पार्सन्स तिला सुप्त म्हणत ते यासाठीच. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, एखादा सुविचार होतो. तिवशापासून जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. सामुदायिक प्रार्थना म्हणजे काय हे या भागाला वेगळे सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या तान्ह्या पोळ्यासाठी मुले लाकडी बैल सजवतात, तो उत्साह शाळेतही येतो. या गोष्टींना शोभेचे कार्यक्रम समजू नये. उद्या सकाळी पुन्हा यायचे आहे, यात काही अर्थ आहे, हे मुलाच्या आणि शिक्षकाच्या मनात ठेवण्याची ही साधने आहेत. मात्र तीच साधने रिकामीही होतात. परिपाठ चालू असताना शिक्षक मोबाइलवर माहिती भरत असेल, तर मुले प्रार्थना म्हणतात आणि प्रार्थना महत्त्वाची नाही हेही त्याच वेळी शिकतात.

माझ्या मते या गरजेची खरी कसोटी गावाच्या विश्वासात आहे. एखाद्या शाळेची इमारत रंगवलेली आहे, दोन्ही शिक्षक नियमित येतात, आहार वेळेवर मिळतो, वाचनही बरे आहे, आणि तरी दर जूनमध्ये पहिलीत दोनच नावे पडतात. बाकीची मुले सकाळी तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतात. विचारले तर बाप सांगतो, "शाळा चांगलीच हाय, पण पोट्टं मंग मांगं पडते." पहिल्या तिन्ही गरजा भागल्या आहेत. गावाच्या मनातली 'आपल्या मुलाने जिथे शिकावे ती जागा' ही प्रतिमा मात्र तिथून उठून गेली आहे. ही झीज दहा-बारा वर्षे चालते आणि पटाच्या आकड्यात उमटते तेव्हा शेवटची अवस्था असते. अनुकूलन बिघडले तर आठवड्यात कळते, कारण तांदूळ संपतो. ध्येय चुकले तर परीक्षेत कळते. पंगत फुटली तर भांडणात कळते. जतन संपल्याचे सगळ्यात उशिरा कळते, आणि तेव्हा त्याला आपण 'कमी पटाची शाळा' म्हणतो.

आता एक दिवस घेऊ. गुरुजींना मतदार यादीच्या कामासाठी तहसीलला जायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे अपवाद ठेवली. मॅडम एकट्या. चार वर्ग, चार तास. प्रत्येक वर्गाच्या वाट्याला एक तास. त्या सगळ्या मुलांना एका खोलीत बसवतात. तासाभरात आवाज वाढतो, म्हणून शिकवणे थांबवून शिस्त लावावी लागते. आहाराची वेळ येते, नोंद राहते. दोन पालक दाखल्यासाठी येतात. दुपारनंतर मुले थकलेली, मॅडमही थकलेल्या. त्या गाणी घेतात, गोष्ट सांगतात. वरून आलेला अधिकारी म्हणेल, आज शिकवणे झाले नाही. पण मॅडमनी तीच गोष्ट केली जी बेल्स यांच्या गटातले लोक न सांगता करत: काम हाताबाहेर गेले तेव्हा माणसे सावरली. एका दिवसासाठी हा निर्णय बरोबर आहे. वर्षातले असे तीस दिवस झाले की २०० दिवसांच्या हिशेबात सहा-सात दिवसांमागे एक दिवस गेला. तो सगळ्यात आधी ध्येयाच्या खात्यातून जातो. त्यानंतर गावाचा विश्वास जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

इथपर्यंत आराखडा उपयोगी पडला. चारही गरजा एकाच थैलीतून खर्च मागतात, एकीला दिले की दुसरीचे कमी होते, हे त्यातून स्वच्छ दिसते. पण पार्सन्स यांच्या विचारात एक मोठी उणीव आहे आणि ती वऱ्हाडात तर विसरताच येणार नाही. टिकायचे असेल तर आकृतिबंध जपावा लागतो, हे खरे. कोणता आकृतिबंध? गावाच्या मनात जातीची उतरंडही एक आकृतिबंध म्हणूनच बसलेली असते. तीही पिढ्यानपिढ्या उत्तम 'जपली' गेली आहे. मुलांनी वस्तीवार बसावे, ही व्यवस्था जुन्या गावाच्या दृष्टीने पाहिली तर ताण टाळणारीच होती.

याचे उत्तर अमरावतीतच एका वसतिगृहाने दिले आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ च्या सुमारास तिथे श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. त्याच काळात अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली होती, आणि पंजाबराव तिच्यात होते. पुढे १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. पार्सन्स यांच्या भाषेत पाहिले तर छात्रालयाने एकात्मीकरणाची पंगत मुद्दाम गावाच्या आकृतिबंधाविरुद्ध मांडली. त्यासाठी शहरातून विरोध ओढवून घेतला, म्हणजे अनुकूलन अवघड करून घेतले. आणि त्यातून एक नवा आकृतिबंध घडवला. व्यवस्था टिकवणे एवढेच उद्दिष्ट मानले असते तर हे घडले नसते. अमेरिकेतही पार्सन्स यांच्यावर हाच आक्षेप घेतला गेला. १९५९ मध्ये सी. राइट मिल्स यांनी त्यांची जडजंबाल वाक्ये साध्या भाषेत उलगडून दाखवली आणि विचारले की या चित्रात सत्ता कुठे आहे, झगडा कुठे आहे.

योगायोग असा की त्याच १९५९ मध्ये पार्सन्स यांचा शाळेच्या वर्गावरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी म्हटले की वर्ग एकाच वेळी दोन कामे करतो. मुलांना सामाईक मूल्ये शिकवतो आणि यशानुसार त्यांची निवडही करतो. सगळ्यांना सारखी सुरुवात मिळाली, म्हणून जो मागे राहिला तोही निकाल मान्य करतो. त्यातून वर्ग फुटत नाही. आमच्या शाळेत हे विधान उभे करून पाहावे. वेचणीच्या आठवड्यांत धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीची सुरुवात आणि शिष्यवृत्तीच्या तासाला बसणाऱ्या मुलाची सुरुवात सारखी नाही. तिने निकाल निमूट मान्य केला तर वर्ग शांत राहील. अशा शांततेला मी एकात्मता म्हणायला तयार नाही.

समूहशाळेच्या प्रश्नाला आता हात घालता येतो. समूहशाळेची बाजू मला पोकळ वाटत नाही. पट सहा असलेल्या शाळेत चौथीत एकच मुलगी असते. तिला वाद घालायला, पुढे जायला, भांडून पुन्हा बोलायला समवयस्क कुणी नसते. पार्सन्स यांच्या निबंधात सवंगड्यांच्या गटाला मोठे स्थान आहे, कारण घराबाहेर बरोबरीच्या नात्याने वागायला मूल तिथे शिकते. तेवढ्यापुरते समूहशाळेचे एकात्मीकरण जास्त चांगले होईल. शिक्षक विषयवार मिळतील, कारकुनी एका माणसाकडे जाईल, तास वाचतील. रॉबर्ट मर्टन या पार्सन्स यांच्याच विद्यार्थ्याने सांगितले होते की एक गरज एकाच रीतीने भागते असे नाही, पर्याय असू शकतात. म्हणून गावातली शाळा हाच एकमेव मार्ग, असा हट्ट धरता येत नाही.

पण पर्याय द्यायचा तर चारही खात्यांत द्यावा लागेल. गाडी हा अनुकूलनाचा प्रश्न आहे. ती रोज येईल का, सोंगणीच्या दिवसांत उशीर झालेल्या मुलासाठी थांबेल का, पावसाळ्यात नाला भरला तर कुठून जाईल? आज धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला गाडीत धाकट्यासह बसू देतील का? देणार नसतील तर ती येणार नाही, आणि गळतीच्या आकड्यात तिच्या नावापुढे 'कौटुंबिक कारण' असे लिहिले जाईल. व्यवस्थापन समितीची सभा सात किलोमीटरवर भरली तर दिवसाची मजुरी सोडून किती आया तिथे पोचतील? आणि ज्या गावातून शाळा उठली त्या गावात दोन टोकांची मुले रोज एका पंगतीत बसतील अशी दुसरी जागा कोणती आहे? मंदिर आहे, पण तिथे रोज दुपारी सगळी मुले बसत नाहीत. अंगणवाडी आहे, पण ती सहाव्या वर्षी संपते.

हे प्रश्न प्रस्तावाच्या नमुन्यात हवेत. पट किती, अंतर किती, शिक्षक किती, खोल्या किती, हे रकाने अनुकूलनाचे आहेत. वाचनस्तर हा रकाना ध्येयाचा. त्यांच्याशेजारी आणखी दोन घालता येतील आणि ते भरायला महिना पुरेल: गेल्या वर्षी समितीच्या सभांना प्रत्यक्ष किती पालक आले, आणि गावातल्या सहा वर्षांच्या मुलांपैकी किती जणांनी इथे नाव घातले, बाकीच्यांनी का घातले नाही. दुसरे उत्तर आलेखावर दहा वर्षांचे घ्यावे. पट घसरण्याची सुरुवात एखाद्या शिक्षकाच्या बदलीच्या वर्षी झाली असेल, तर तिथे शिक्षक देणे हा उपाय आहे. गावातली माणसेच कामासाठी अमरावती-नागपूरला गेली असतील, तर शिक्षक देऊन पट वाढणार नाही आणि समूहशाळेचा विचार करावाच लागेल. आणि मुले गावात असून गाडीत बसून जात असतील, तर तिथे बंद करण्याजोगे काही नसते. तिथे गावाशी बोलायला बसावे लागते, आणि ते बोलणे वेचणी आटोपल्यावर, संध्याकाळी, आया घरी असताना ठेवावे लागते.